डेमोतला एक रुपया : एका इंट्राडे खात्याचे प्रकरण

माझा भाचा कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत हिशेब विभागात काम करतो. पगार महिना २६ हजार रुपये, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण हजार रुपये. माझे स्वतःचे काम लेखापरीक्षणाचे असल्यामुळे तो एका रविवारी राजारामपुरीतल्या घरी आला तेव्हा हातात छापील कागद घेऊनच आला. आलेखांच्या एका ॲपमध्ये मिळणाऱ्या डेमो खात्यावर त्याने चार महिने इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायचे, सौदे केले होते आणि त्यांची यादी त्याने नीट मांडली होती.

"मामा, साठ सौदे झालेत आणि साठ हजार नफा आहे. आता खरे पैसे घालावेत म्हणतोय," असे तो म्हणाला.

मी नको म्हटले नाही. दोन अटी मात्र घातल्या. पहिली अशी की खात्यात २५ हजार रुपयांपेक्षा जास्त भरायचे नाहीत आणि उसन्या मार्जिनवर सौदा करायचा नाही. दुसरी अट जास्त महत्त्वाची होती. खरे सौदे सुरू झाले तरी डेमो बंद करायचा नाही, त्याच दिवशी, त्याच शेअरवर, त्याच नियमाने तो शेजारी चालू ठेवायचा. पुढे जे काही कळले ते या दुसऱ्या अटीमुळे कळले. एरवी लोक डेमो संपवून खऱ्या खात्यावर जातात, तोटा होतो, आणि बाजार बदलला, नियम चुकला की आपण चुकलो हे सांगायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही.

त्याचा नियम तोंडी सांगता येईल इतका साधा होता. एका मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर त्याने निवडला होता, ज्याचा भाव त्या काळात ४०० रुपयांच्या आसपास फिरत होता. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ या पहिल्या पंधरा मिनिटांतला उच्चांक नोंदवायचा आणि त्यानंतर भाव त्याच्या वर गेला की खरेदी करायची. खरेदीच्या ३ रुपये खाली स्टॉप लॉस, म्हणजे तोटा तिथेच थांबवून विकायचा भाव, ६ रुपये वर टार्गेट, म्हणजे नफा घेऊन विकायचा भाव, आणि यातले काहीच झाले नाही तर दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी विकून मोकळे व्हायचे, कारण त्यानंतर थोड्याच वेळात ब्रोकर इंट्राडेचे उघडे सौदे स्वतःहून मिटवू लागतात. ज्या दिवशी भाव उच्चांकाच्या वर गेलाच नाही त्या दिवशी सौदा नाही.

डेमोतल्या साठ सौद्यांपैकी २४ टार्गेटला पोचले होते, ३० स्टॉप लॉसला कटले होते आणि ६ वेळेवर मिटवले होते. दर शेअरमागे हिशेब केला तर टार्गेटचे १४४ रुपये आले, स्टॉप लॉसचे ९० गेले आणि वेळेवर मिटवलेल्यांतून ६ रुपये मिळाले. निव्वळ ६० रुपये, म्हणजे दर सौद्याला दर शेअरमागे बरोबर एक रुपया. ॲपने त्याला आभासी १० लाख रुपये दिले होते आणि तो दर वेळी १००० शेअर घेत होता, म्हणून तो एक रुपया कागदावर साठ हजार होऊन दिसत होता. या प्रकरणातला सगळा प्रश्न त्या एका रुपयाचा आहे.

यादी तपासताना मी सहज विचारले की खाते उघडल्याची तारीख आणि यादीतल्या पहिल्या सौद्याची तारीख यांत तीन आठवड्यांचे अंतर का आहे. तेव्हा कळले की सुरुवातीला तो २ रुपयांचा स्टॉप लॉस ठेवत होता, त्यात चौदा सौद्यांत तोटा झाला, म्हणून त्याने स्टॉप लॉस ३ रुपयांचा केला आणि ॲपमधले रीसेटचे बटण दाबले. खात्यात पुन्हा १० लाख आले आणि ते चौदा सौदे यादीतून पुसले गेले. यात लबाडी काहीच नव्हती, ते बटण त्याच कामासाठी दिलेले असते. पण हिशेबाच्या दृष्टीने ही पहिली गळती आहे. जो नियम टिकला त्याचीच वही उरते आणि जो बुडाला त्याची वही उरत नाही, त्यामुळे उरलेली वही नेहमीच खऱ्यापेक्षा चांगली दिसते. खऱ्या खात्यावर असे बटण नसते, ब्रोकरच्या लेजरमध्ये पहिल्या दिवसाचा रुपयासुद्धा कायम राहतो.

खऱ्या खात्यावर त्याने ५० शेअरचा सौदा ठरवला, म्हणजे २० हजार रुपयांची खरेदी. स्टॉप लॉस लागला तर दीडशे रुपये जाणार आणि टार्गेट मिळाले तर तीनशे येणार. आठ आठवडे असे चालले. या काळात नियमाप्रमाणे ३० वेळा खरेदीचा संकेत आला. शेजारी चालू असलेल्या डेमोत, ५० शेअरच्या प्रमाणात मांडले तर, ११ टार्गेट, १६ स्टॉप लॉस आणि ३ वेळेवर मिटवलेले सौदे झाले आणि दर शेअरमागे २२ रुपये, म्हणजे ११०० रुपये नफा दिसत होता. खऱ्या खात्यात त्याच आठ आठवड्यांत २३८५ रुपये तोटा झाला होता.

नियम, शेअर आणि दिवस तेच असूनही फरक ३४८५ रुपयांचा पडला. ब्रोकरकडून प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची कॉन्ट्रॅक्ट नोट चोवीस तासांच्या आत ईमेलवर येते आणि तिच्यात प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि आकारलेला खर्च असतो. त्या नोटा एका बाजूला आणि डेमोची यादी दुसऱ्या बाजूला ठेवून आम्ही दोन रविवार बसलो आणि हा फरक रुपयारुपयाने फोडला. तो तीन ठिकाणी गेला होता.

सर्वांत सोपा भाग खर्चाचा. २० हजारांची खरेदी आणि तेवढ्याचीच विक्री असा एक इंट्राडे सौदा घेतला तर त्याच्या ब्रोकरचे ०.०३ टक्के दराने दोन्ही बाजूंचे मिळून १२ रुपये ब्रोकरेज होत होते. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा शेअर सौद्यांवरचा सरकारी कर, म्हणजे ५ रुपये. एक्स्चेंजचे शुल्क सव्वा रुपयाच्या आसपास, खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६० पैसे, सेबीचे शुल्क काही पैसे, आणि ब्रोकरेज व शुल्कांवर १८ टक्के जीएसटीचे दोन रुपये चाळीस पैसे. बेरीज २१ रुपयांच्या थोडी वर, म्हणजे दर शेअरमागे ४२ पैसे. डेमोने हा खर्च शून्य धरला होता. आठ आठवड्यांत त्याने एकूण ३२ सौदे केले, त्यांचे साधारण ६८० रुपये झाले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. अनेक ब्रोकर दर ऑर्डरला २० रुपये किंवा ०.०३ टक्के यांपैकी जे कमी असेल ते आकारतात, त्यामुळे ५० शेअरला ६ रुपयेच पडतात. पण ज्यांच्याकडे सरसकट २० रुपये आकारले जातात तिथे हाच सौदा ५४ रुपयांना पडतो, म्हणजे दर शेअरमागे १ रुपया ८ पैसे. अशा खात्यात डेमोतला तो एक रुपया पहिल्या दिवसापासूनच संपलेला असतो, मग माणूस कितीही शिस्तीचा असो. याउलट १००० शेअरचा सौदा केला असता तर ब्रोकरेज दोन्ही बाजूंना मिळून ४० रुपयांवर थांबले असते आणि दर शेअरमागचा खर्च १९ पैशांच्या आसपास आला असता. म्हणजे थोड्या पैशांनी केलेला प्रयोग खर्चाच्या बाबतीत मोठ्या पैशांपेक्षा कठोर असतो.

दुसरा भाग भाव मिळण्याचा, आणि माझ्या मते डेमोची सर्वांत मोठी उणीव येथे आहे. माझे वडील शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या वेळी मागे उभे राहून मनातल्या मनात बोली लावणाऱ्याचा माल कधीच महाग पडत नाही असे ते म्हणत, कारण त्याने बोली लावली हे कोणालाच ऐकू गेलेले नसते. डेमोची ऑर्डरही तशीच असते. ती एक्स्चेंजपर्यंत जातच नाही, ॲप फक्त शेवटचा भाव बघते आणि "मिळाले" असे लिहून टाकते.

भाच्याच्या खरेदीची ऑर्डर उच्चांकाच्या पाच पैसे वर ट्रिगर ठेवलेली मार्केट ऑर्डर होती. ट्रिगर लागला की ती ऑर्डर समोर जो विक्रेता असेल त्याचा भाव घेते. पण पहिल्या पंधरा मिनिटांचा उच्चांक फक्त याला दिसतो असे नाही. तो साऱ्या बाजाराला दिसतो आणि अनेकांचे ट्रिगर त्याच पट्ट्यात रांगेने लावलेले असतात. भाव तिथे पोचला की सगळ्या ऑर्डरी एकाच क्षणी सुटतात, स्वस्तातले विक्रेते संपतात आणि उरलेल्यांना वरचा भाव मिळतो. बहुतेक दिवशी त्याला पाच-दहा पैसेच जास्त द्यावे लागले, पण दोन दिवशी सत्तर-ऐंशी पैसे द्यावे लागले, आणि सरासरी २० पैशांवर गेली. स्टॉप लॉसला विकताना हेच उलट्या बाजूने घडले आणि सरासरी १५ पैसे कमी मिळाले. नियमाप्रमाणे घेतलेल्या २५ सौद्यांत यापायी ३५५ रुपये गेले.

टार्गेटची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला स्वतःलाही ही वही तपासेपर्यंत इतक्या स्पष्टपणे दिसली नव्हती. टार्गेटला तो लिमिट ऑर्डर लावत असे, म्हणजे ठरलेल्या भावालाच विक्री. एक्स्चेंजवर लिमिट ऑर्डरींची रांग असते. आधी चांगला भाव देणाऱ्याचा नंबर लागतो आणि भाव सारखा असेल तर आधी आलेल्याचा. एके दिवशी त्याचे टार्गेट ४०६ रुपयांना होते. भाव ४०६ ला लागला, तेथे काही शेअर विकले गेले, पण त्याच्या पुढे रांगेत असलेल्यांचेच शेअर गेले आणि भाव मागे फिरला. दुपारी दोनच्या सुमारास स्टॉप लॉस लागला. डेमोने मात्र ४०६ हा आकडा पाहिल्याबरोबर टार्गेट मिळाले असे लिहिले होते. एकीकडे अधिक ६, दुसरीकडे उणे ३, म्हणजे एकाच सौद्यात दर शेअरमागे ९ रुपयांचा फरक, ५० शेअरला ४५० रुपये.

असे खोटे टार्गेट जुन्या डेमो वहीतही ओळखता येते. टार्गेटचा भाव आणि त्या चढात भावाने गाठलेला माथा हे दोन आकडे तंतोतंत सारखे असतील, म्हणजे भाव टार्गेटच्या पुढे एक टिकसुद्धा गेला नसेल, तर ते टार्गेट मिळालेच असते असे धरता येत नाही. या भावाच्या शेअरला एक टिक पाच पैशांची असते. भाच्याने मागच्या साठ सौद्यांतली २४ टार्गेटे मिनिटाच्या आलेखावर एकेक करून तपासली. त्यांतली दोन अशी निघाली. दोन हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण दोन वेळा ९ म्हणजे १८ रुपये, आणि ते साठ सौद्यांवर पसरले तर दर सौद्यामागे ३० पैसे होतात.

डेमोचा भाव मुळात ताजा आहे का, हेही आम्ही पाहिले. एका आठवड्यात रोज दहा मिनिटे ब्रोकरचा आणि डेमोचा पडदा शेजारी ठेवला आणि दोन्हीकडचा भाव जवळजवळ एकाच क्षणी बदलताना दिसला. सगळीकडे तसे असेल असे धरू नये. आभासी सौद्यांच्या खेळांना बाजाराचे त्या क्षणाचे भाव देऊ नयेत असे सेबीने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढून एक्स्चेंजना आणि मध्यस्थांना सांगितले आहे, त्यामुळे काही ठिकाणी डेमोवर दिसणारा भाव शिळा असतो. शिळ्या भावावर मिळालेले टार्गेट तपासण्याच्याही लायकीचे नसते.

आता तिसरा भाग, ज्याला लोक थोडक्यात "सायकॉलॉजी" म्हणून मोकळे होतात. तो शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण त्याने काहीच मोजता येत नाही. आम्ही त्याऐवजी "नियमभंग" असा रकाना केला आणि नियमाने सांगितलेल्या व हाताने केलेल्या प्रत्येक गोष्टीतला फरक तिथे रुपयांत लिहिला. आठ आठवड्यांत असे १७ नियमभंग निघाले.

त्यांतले पाच न घेतलेले सौदे होते. दोनदा असे झाले की सलग तीन स्टॉप लॉस लागले आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याने ऑर्डरच लावली नाही. "मामा, तीन गेल्यावर चौथ्याला बोटच उठत नव्हतं," हे त्याचे शब्द. डेमोत एकदा सलग पाच स्टॉप लॉस लागले होते आणि सहावा सौदा त्याने काहीही न वाटता घेतला होता. तेथे प्रत्येक वेळी तीन हजार आभासी रुपये जात होते, येथे दीडशे खरे जात होते. पण दीडशे म्हणजे त्याच्या दिवसाच्या पगाराचा सातवा हिस्सा, आणि त्या तीन हजारांमागे त्याच्या आयुष्यातला एकही तास नव्हता. सोडलेल्या पाच सौद्यांपैकी तीन टार्गेटला गेले आणि दोन कटले, म्हणजे दर शेअरमागे १२ रुपये हुकले, ६०० रुपये.

चार सौदे त्याने टार्गेटच्या आधीच विकले, सरासरी अडीच रुपये नफ्यावर. नियमाने प्रत्येकी ६ रुपये मिळाले असते, म्हणून १४ रुपये, एकूण ७०० रुपये गेले. कॉन्ट्रॅक्ट नोटांवरच्या वेळा पाहिल्या तेव्हा या चार विक्रींपैकी तीन साडेदहाच्या पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होत्या. साडेदहाला फाउंड्रीत चहाची सुट्टी होते आणि तेव्हा फोन खिशातून बाहेर येतो. डेमोच्या दिवसांत तो फोन सकाळी ड्रॉवरमध्ये टाकत असे आणि संध्याकाळी निकाल बघत असे. खरे पैसे लागल्यावर त्याला बघितल्याशिवाय राहवेना आणि बघितल्यावर हात लावल्याशिवाय राहवेना. डेमोने त्याला टार्गेटपर्यंत थांबायला शिकवले होते असे आम्ही दोघेही समजत होतो. प्रत्यक्षात तेथे तो थांबतच नव्हता, फक्त हजर नव्हता.

एकदा त्याने स्टॉप लॉस खाली सरकवला आणि ३ ऐवजी ८ रुपये गेल्यावर सौदा सोडला, त्याचे २५० रुपये. आणि सात सौदे पूर्णपणे नियमाबाहेरचे होते, त्यांतले सहा स्टॉप लॉस लागल्यानंतरच्या पंधरा मिनिटांतले. त्या सातांत मिळून दर शेअरमागे ९ रुपये गेले, ४५० रुपये. या सातांना कोणताही संकेत नव्हता, गेलेले दीडशे त्याच दिवशी परत आणायचे एवढेच त्यांमागचे कारण होते. डेमोत असा एकही सौदा नव्हता, कारण तेथे परत आणण्यासारखे काही गेलेलेच नव्हते.

सर्व नियमभंग मिळून २००० रुपये, भाव मिळण्यातला फरक ८०५ रुपये आणि खर्च ६८०. बेरीज ३४८५ येते आणि हिशेब मिटतो. सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेबद्दलचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२२-२३ या वर्षी शेअर इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सातांना तोटा झाल्याचे आणि वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेल्याचे दिसले होते. तोटा झालेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के इतकी आणखी रक्कम खर्चापोटी दिली होती. भाच्याच्या खात्यात खर्च धरण्याआधीचा तोटा १७०५ रुपये होता, म्हणून हा आकडा ४० टक्के होता.

फरकातला निम्म्याहून मोठा वाटा नियमभंगाचा निघाल्यावर भाच्याने लगेच निष्कर्ष काढला की नियम चांगला आहे, फक्त शिस्त हवी. मला तो पटला नाही, आणि येथेच बहुतेक लोक चुकतात असे मला वाटते. म्हणून आम्ही एक चौथा हिशेब केला. समजा त्याने एकही नियमभंग केला नसता, तीसच्या तीस सौदे यंत्रासारखे घेतले असते, तर काय झाले असते? डेमोच्या ११०० रुपयांतून तीस सौद्यांचा खर्च ६३६ रुपये वजा केला, आणि खरेदीला २० पैसे व स्टॉप लॉसला १५ पैसे असा भावातला फरक, म्हणजे ४२० रुपये वजा केले. उरले ४४ रुपये. त्यातून ते न मिळालेले ४०६ चे टार्गेट वजा केले की चारशेच्या आसपास तोटाच होतो. जुन्या साठ सौद्यांनाही हीच कात्री लावली. एका रुपयातून ४२ पैसे खर्चाचे, २० पैसे खरेदीतले, सात-आठ पैसे स्टॉप लॉसमधले आणि ३० पैसे त्या दोन खोट्या टार्गेटांचे गेले, आणि शून्य उरले.

म्हणजे शिस्तीने त्याचा तोटा २३८५ वरून चारशेवर आला असता, नफा झाला नसता. डेमो भीती शिकवत नाही हे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. पण या प्रकरणात भीतीच्या आधी साधी वजाबाकी चुकली होती, आणि ती चूक बरीचशी एकही खरा रुपया न घालता दुरुस्त करता आली असती. त्याने डेमोची संख्या १००० ऐवजी ५० केली असती, दर सौद्याला २१ रुपये कापले असते, खरेदी वीस पैसे महाग धरली असती आणि भाव टार्गेटच्या एक टिक पुढे गेला तरच टार्गेट मिळाले असे लिहिले असते, तर साठ हजारांचा तो कागद घेऊन तो माझ्याकडे आलाच नसता. वीस पैसे हा आकडा मात्र डेमोतून मिळत नाही. तो प्रत्येक शेअरचा आणि दिवसाच्या प्रत्येक वेळेचा वेगळा असतो आणि त्यासाठी काही खरे सौदे करावेच लागतात. माझ्या मते थोड्या खऱ्या पैशांचा पहिला उपयोग हा आकडा विकत घेण्यासाठी आहे, नफ्यासाठी नाही.

या आठ आठवड्यांवरून नियमाबद्दल फार ठाम बोलू नये, हेही सांगायला हवे. तीस सौदे थोडे आहेत. साठही थोडेच आहेत, कारण २४ पैकी फक्त तीन टार्गेटे स्टॉप लॉसला गेली असती तर ६० रुपयांचे ३३ झाले असते, आणि तीन सौदे इकडचे तिकडे होणे हे निव्वळ योगायोगानेही घडते. खर्च आणि भावातला फरक मात्र तीस सौद्यांतही पक्का कळतो, कारण तो दर सौद्याला घडतो.

त्यानंतर भाच्याने आणखी एक प्रयोग केला, जो मी सुचवला नव्हता. नफ्यातोट्याचा विचार सोडून फक्त नियमभंगाचा रकाना रिकामा राहतो का ते पाहायचे, म्हणून त्याने १० शेअरवर सौदे घेतले. त्याचे ब्रोकरेज टक्क्यांत असल्यामुळे दर शेअरमागचा खर्च तेवढाच राहिला. वीस संकेतांत फक्त तीन नियमभंग झाले आणि तो खूश झाला. मग पुन्हा ५० शेअरवर आला आणि पहिल्या बारा संकेतांतच पाच नियमभंग झाले. तीस रुपयांच्या स्टॉप लॉसवर आलेली शिस्त दीडशेवर टिकली नाही. म्हणजे अगदी थोडे पैसेही एका मर्यादेखाली डेमोच ठरतात, फक्त त्यांची कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ही मर्यादा कोणाला कुठे लागते हे रकमेवरून सांगता येत नाही. त्याच्या बाबतीत ती तीस आणि दीडशे यांच्यामध्ये कुठेतरी होती, आणि ती शोधण्याचा मार्ग एवढाच की संख्या हळूहळू वाढवत न्यायची आणि ज्या पायरीवर नियमभंग वाढू लागतील तिथे खूण करायची.

तो नियम त्याने सोडला. हल्ली तो काही दिवस शेअर हातात ठेवण्याच्या एका नियमाची चाचणी घेतो आहे, ज्यात टार्गेट ६ रुपयांचे नसून ३० रुपयांचे आहे. तेथे डिलिव्हरीचा एसटीटी खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्के लागतो, म्हणून २० हजारांच्या सौद्याला त्याचेच ४० रुपये होतात. मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे शुल्क आणि विक्रीच्या वेळचा डिमॅटचा आकार धरून त्याने साठ रुपयांचा अंदाज काढला आहे. मागच्या रविवारी त्याने नवी वही दाखवली. अजून तिच्यात एकही सौदा नाही. पहिल्या ओळीत लिहिले आहे, "खर्च, दर शेअरमागे १ रुपया २० पैसे." दुसऱ्या ओळीत लिहिले आहे, "याआधी सोडलेले नियम : २."